वॉल्ट्झ दादऱ्यासारखा का वाजतो?

प्रश्न: «दारव्हा तालुक्यातल्या शाळेत शिकवतो. स्नेहसंमेलनात मुली तीन-चारच्या वॉल्ट्झमध्ये गाणं म्हणणार आहेत. पांढरी एकमध्ये डाव्या हाताने सा-ग-प-सां-प-ग असा कॉर्ड मोडून वाजवतो, पण ऐकणारे म्हणतात, "हा तर दादराच." काय चुकतंय?»

भाऊ, तुमचे सूर बरोबर आहेत, घोळ त्यांच्या क्रमात आहे. मी हार्मोनियमवरून कीबोर्डवर आलेला माणूस, पाश्चात्त्य परीक्षा दिलेल्या कुणाला माझं सांगणं गावठी वाटलं तरी हरकत नाही.

कॉर्ड कसा मोडायचा हे तुम्हाला येतं, ते सोडतो. तीन ठोक्यांत सहा छोटे सूर बसतात आणि ते दोन-दोन-दोन असे पडायला हवेत. तुमची चाल मात्र तीन सूर वर चढते, तीन खाली उतरते. वरचा सां चौथा सूर आहे. सगळ्यात उंच असल्यामुळे कान त्यालाच वजन देतो, आणि तो पडतो दुसऱ्या ठोक्याच्या मधोमध. म्हणजे तीन-तीनचे दोन तुकडे झाले, धा धी ना, धा ती ना. बोट कितीही हलकं ठेवा, चालीचा आकारच दादऱ्याचा आहे.

त्याऐवजी सा-प-ग-प-ग-प वाजवून बघा. सा करंगळीने, ग मधल्या बोटाने, प अंगठ्याने. आता पहिला, तिसरा आणि पाचवा सूर खालचे आहेत, ठोके आपोआप त्यांच्यावर येतात. करंगळी सा वरून उचलू नका, अख्खा बार दाबून ठेवा आणि पुढच्या बारच्या जेमतेम आधी सोडा. त्या इवल्याशा उसासण्यातूनच झोका येतो. बाकीचे पाच सूर सा पेक्षा हलके, आणि शेवटचे दोन आणखी हलके.

कॉर्ड बदलला तरी हात उड्या मारू देऊ नका. प च्या सेव्हन्थ कॉर्डसाठी करंगळी मंद्र नि वर सरकवा आणि नि-प-म-प-म-प वाजवा, अंगठा प वरच राहतो. म च्या कॉर्डला सा-ध-म-ध-म-ध. सा किंवा प चा कॉर्ड दोन बार चालला तर दुसऱ्या बारमध्ये करंगळी खालच्या मंद्र प वर न्या. सा च्या कॉर्डला तो बार मंद्र प-प-ग-प-ग-प असा होईल. वॉल्ट्झमधला डोलणारा बास तो हाच. नवा कॉर्ड लागताच मात्र पहिल्या बारला त्याचा नेहमीचाच बास द्या, नाहीतर गाणाऱ्यांना कॉर्ड बदलल्याचं कळत नाही.

मला सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. एका जिल्हास्तरीय स्पर्धेच्या कार्यालयात फॉर्मवर «ताल» असा रकाना होता. मी «तीन ठोके, वॉल्ट्झ» लिहिलं. टेबलामागच्या साहेबांनी ते खोडून «दादरा» केलं. «तीनाचंच आहे ना, मग दादरा.» दुरुस्तीचा अर्ज दिला, तर उत्तर आलं, यादी वर गेली. तबलजी त्यांनीच दिलेला. त्याने माझा प्रत्येक छोटा सूर एक मात्रा धरला, त्यामुळे एका बारमध्येच त्याचं अख्खं आवर्तन संपायचं आणि खाली दुसऱ्या-तिसऱ्या ठोक्याच्या मध्ये पडायची. मुलींनी शब्दांचं वजन तिकडे ओढलं, परीक्षकांनी लयीचे गुण कापले. पोरांची महिनाभराची तालीम एका खोडलेल्या शब्दापायी गेली, आणि साहेब नाश्त्याचे कूपन वाटत होते. असो.

खरी गंमत अशी की तबला चालतो. फक्त तबलजीला स्टेजवर जाण्याआधी सांगा, «माझा एक ठोका तुमची एक मात्रा.» मग दादऱ्याचं एक आवर्तन तुमच्या दोन बारवर बसतं. सा च्या बारला सम, मंद्र प च्या बारला खाली. बास आणि तबला एकमेकांना धरून चालतात.

तपासायचं असेल तर फोनवर रेकॉर्ड करा आणि शाळेतल्या कुणाला पायाने ठेका धरायला सांगा. बारमध्ये पाय तीनदा किंवा एकदाच पडला तर वॉल्ट्झ जमला. दोनदा पडला तर चाल परत दादऱ्यात गेली.

एक मर्यादा सांगून ठेवतो. हे मोडलेले सूर मिनिटाला नव्वदेक ठोक्यांच्या संथ गाण्यात शोभतात. व्हिएन्नाच्या नाचाचा वेग मिनिटाला एकशेऐंशीच्या आसपास असतो, तिथे सहा सूर घुसवले तर नुसती घरघर होते. तेवढ्या वेगात एक बास आणि वर दोनदा अख्खा कॉर्ड, बस.

आणि बास मध्य सप्तकाच्या सा च्या वर नेऊ नका, पण सा-ग सारखे जवळचे सूर एकदम तळात नेऊ नका. आपल्याकडच्या मंडपातल्या स्पीकरवर ते नुसते गुरगुरतात. शक्य असेल तर कीबोर्डाला बॅटरीचे सेल टाकून ठेवा, लाइट गेली की अडॅप्टर काय कामाचा.