डोकेदुखी, पहिला बाक आणि वर्गशिक्षिकेला लिहायचं पत्र

"ताई, मुलगी पाचवीत आहे. दोन महिने झाले, शाळेतून आली की कपाळ धरून बसते. तिचे बाबा म्हणतात, मोबाइल काढून घे, आपोआप थांबेल. मला डोळ्यांचं वाटतं. मॅडमना पत्र लिहून पुढच्या बाकावर बसवायला सांगू का? की त्यांना वाटेल, आई उगाच लाड करते?"

पत्र जरूर लिहा. फक्त त्यात जागा मागण्याआधी मॅडमना दोन गोष्टी विचारा. असं का म्हणते, ते एका मुलावरून सांगते.

सांगलीतल्या विश्रामबागेतून एक आई सहावीतल्या मुलाला घेऊन आल्या होत्या. "डोकं दुखतं, पुढे बसवावे," एवढीच चिठ्ठी त्यांनी शाळेत दिली होती. मॅडमनी त्याला लगेच पहिल्या बाकावर बसवलं, पण जागा मिळाली खिडकीकडची. तिथून फळा तिरका दिसायचा आणि उजेडाने चकाकायचा. डोकेदुखी होती तशीच राहिली आणि घरी सगळ्यांनी ठरवून टाकलं की पोरगं अभ्यास टाळतंय.

मी त्यांना आठवडाभर एका वहीत लिहायला सांगितलं: कधी दुखलं, त्याआधी काय चाललं होतं, सकाळी काय खाल्लं, किती झोपला. वही वाचताना एक गोष्ट ठळक दिसली. रविवारी मैदानावर तो दिवसभर ठणठणीत असायचा. दुखायचं ते धडा वाचताना आणि संध्याकाळी गृहपाठाला बसल्यावर, भुवयांच्या वर.

लांबचं कमी दिसणारं मूल फळ्याकडे डोळे बारीक करून बघतं, शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं. पुढची जागा खरी कामाची त्याला. प्लस नंबर असलेल्या मुलाला मात्र फळा बहुतेक वेळा स्वच्छ दिसतो, कारण लहान वयात डोळा आतल्या स्नायूवर जोर देऊन ती उणीव भरून काढतो. जवळचं वाचताना तोच जोर आणखी वाढवावा लागतो, मग थोड्या वेळात कपाळ दुखायला लागतं. अशा मुलाला पहिल्या बाकावर बसवून काही साधत नाही.

मग आम्ही पत्र नव्याने लिहिलं:

"आदरणीय मॅडम, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलाचे डोके गेले काही आठवडे दुखते, बहुतेक वेळा वाचन-लेखनानंतर. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार आहोत. त्याआधी आपले निरीक्षण कळले तर मोठी मदत होईल. फळ्यावरचे उतरवताना तो चुकतो का? वाचताना ओळ सुटते का, डोळे चोळतो का? तपासणी होईपर्यंत शक्य असल्यास त्याला मधल्या रांगेत, दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसवावे, ही विनंती. तपासणीनंतर डॉक्टरांचा कागद दाखवेन, मग जागेबद्दल आपण ठरवाल तसे. शाळेत नेत्रतपासणी होणार असेल तर त्याचे नाव घ्यावे."

पत्राला मुदत होती, म्हणून मॅडमनाही अडचण वाटली नाही. पुढची जागा बऱ्याच पालकांना हवी असते, ती कायमची कुणालाच देता येत नाही. मॅडमनी डायरीत लिहून पाठवलं: फळ्यावरचं बिनचूक उतरवतो, पण मोठ्याने वाचताना मध्येच ओळ सुटते.

हीच ओळ डॉक्टरांच्या उपयोगी पडली. कारण तक्त्यावर हा मुलगा दोन्ही डोळ्यांनी 6/6 वाचत होता. शाळेतल्या तपासणीतही मुख्यतः सहा मीटरवरचा तक्ताच वाचायला लावतात, त्यामुळे तिथे असं मूल "डोळे चांगले" म्हणून सुटू शकतं. डॉक्टरांनी थेंब घालून तपासलं. थेंबांनी तो स्नायू सैल पडतो आणि लपलेला नंबर बाहेर येतो. मुलाला +2.5 नंबर निघाला. थेंबांनंतर एक-दोन दिवस जवळचं अंधूक दिसतं, उजेड टोचतो. म्हणून शनिवारी जा आणि परीक्षेचा आठवडा टाळा. खर्चाची अडचण असेल तर सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय आहेच.

चष्मा लागल्यावर काही आठवड्यांत गृहपाठाच्या वेळचं दुखणं थांबलं. मॅडमनी त्याला परत जुन्या बाकावर पाठवलं, आणि ते बरोबरच होतं.

तुमच्या मुलीला हाच नंबर असेल असं मी म्हणत नाही. मुलांची पुष्कळशी डोकेदुखी डोळ्यांची नसतेच. उपाशीपोटी शाळेत जाणं, शाळेत पाणी न पिणं, अपुरी झोप आणि अर्धशिशी ही कारणंही वारंवार सापडतात. आई किंवा बाबांना अर्धशिशी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. म्हणून डब्याची आणि झोपेची नोंद वहीत हवीच. मोबाइल कमी करा, पण त्यासाठी तपासणी लांबवू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. डोकेदुखीने पहाटे जाग येत असेल, उठल्या उठल्या उलटी होत असेल, एकाचे दोन दिसत असतील, डोळा अचानक तिरळा वाटत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर पत्र, वही काही नको. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.