लोगोमागची कंपनी

प्रश्न: एखाद्या व्यावसायिक टीमच्या किंवा मोठ्या इव्हेंटच्या मागे नेमकी कोणती कंपनी आहे, हे कसं शोधायचं? नोटीस पाठवायची आहे.

मालक कोण हे गुगलवर शोधत बसू नका, त्याचा नोटिशीला उपयोग नाही. तुमच्याशी व्यवहार कोणी केला ते शोधा, आणि ते तुमच्याच कागदांत सापडतं.

आम्ही प्रवेशपत्रं आणि गळ्यात अडकवायच्या पट्ट्या छापतो. एका नावाजलेल्या टीमच्या सामन्यांचं काम केलं, ॲडव्हान्स मिळाला, उरलेलं बिल लटकलं. धंद्यात माझा मेहुणा भागीदार आहे. त्याचं पालुपद एकच: "एवढी मोठी टीम आहे, पैसे कुठे पळून जातात?" मग त्याने टीमच्या नावाने, स्टेडियमच्या पत्त्यावर नोटीस धाडली. ती परत आली. येणारच! स्टेडियम सहसा असतं क्रिकेट संघटनेचं, टीम तिथे सामन्यापुरती. आणि टीमचं नाव म्हणजे बहुतेक वेळा नुसता ब्रँड. मुंबई इंडियन्समागे कागदावर 'इंडियाविन स्पोर्ट्स' आहे. पंजाब किंग्जमागे 'केपीएच ड्रीम क्रिकेट' आहे. सनरायझर्स हैदराबादला तर वेगळी कंपनीच नाही, ती थेट सन टीव्ही नेटवर्कची. चेन्नईची टीम आधी इंडिया सिमेंट्समध्ये होती, नंतर वेगळ्या कंपनीत गेली. जुनी बातमी वाचून नोटीस काढली तर चुकीच्या दारात जाल.

मी तीन कागद समोर ठेवले. ऑर्डरच्या ईमेलखाली टीमचा झळझळीत लोगो, पण कंपनीचं नाव कुठेच नाही. तिकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत एक GSTIN. तिसरा कागद आमचं बँक स्टेटमेंट. ॲडव्हान्सच्या नोंदीत पैसे पाठवणाऱ्याचं नाव होतं, आणि ते टीमचं नव्हतं.

GSTIN पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनमधलं चौथं अक्षर, म्हणजे GSTIN मधलं सहावं, कोण आहे ते सांगतं: C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, P म्हणजे एकटा माणूस, T म्हणजे ट्रस्ट. तिकिटावर C होता. पैसे पाठवणाऱ्याचा GSTIN आमच्या बिलावर होताच, त्यात F. म्हणजे टीमच्या कंपनीने काम एका इव्हेंट एजन्सीला दिलेलं, आणि तिने टीमचा लोगो वापरून आम्हाला. जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला की Legal Name of Business, Trade Name आणि Constitution of Business दिसतं. नोटिशीवर Legal Name लिहायचं, Trade Name नाही. नोंदणी Cancelled दिसली तर हातपाय लवकर हलवा. आमची एजन्सी एलएलपी निघाली. मग तिचं Legal Name कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर टाकून नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता घेतला, भागीदारांची नावंही तिथेच मिळाली.

नोटीस एलएलपीला आणि भागीदारांना गेली आणि बिलाचा मोठा भाग आला. मेहुणा अजून म्हणतो, "संबंध बिघडवलेस." कसले संबंध? ज्याचं नावच माहीत नव्हतं त्याच्याशी?

तुम्ही प्रेक्षक असाल आणि तिकिटाचे पैसे अडकले असतील, तर तिकिटाच्या अटी शेवटपर्यंत वाचा. 'आयोजक' कोण, हे तिथे लिहिलेलं असतं. ॲपने घेतलेलं सुविधा शुल्क ॲपचं, तिकिटाची रक्कम आयोजकाची. हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि दोघंही तुम्हाला दुसऱ्याकडे पाठवतात.

एक राहिलंच. कंपन्यांच्या यादीत सगळं सापडत नाही. बीसीसीआय कंपनी नाही, तमिळनाडूत नोंदलेली सोसायटी आहे, त्यामुळे आयपीएल ही 'कंपनी' एमसीएवर शोधाल तर शोधतच राहाल. परदेशी टीम असेल तर आणखी गंमत: मँचेस्टर युनायटेडची शेअर बाजारातली कंपनी केमन बेटांवर नोंदलेली आहे, तिचे शेअर न्यूयॉर्कला विकले जातात, आणि फुटबॉल क्लबची कंपनी इंग्लंडच्या 'कंपनीज हाउस'मध्ये फुकट बघता येते. तिथेही करार कोणाच्या नावावर आहे तेच बघायचं. आणि रक्कम मोठी असेल तर नोटीस वकिलाकडूनच काढा, मी काही वकील नाही.

पुढच्या वेळी ऑर्डर घेतानाच पूर्ण नाव आणि GSTIN मागा. लोगो दाखवून कोणी टाळाटाळ केली, तर मशीन सुरू करू नका. भागीदार मेहुणा असला तरी.