लेखाची प्रश्नोत्तरं करायची, तर प्रश्न आणायचे कुठून?

प्रश्न: आमच्या रावेर तालुक्यातल्या शेतकरी गटासाठी मी केळी लागवडीवर मोठा लेख लिहिला आहे, साधारण तीन हजार शब्दांचा. गटातले म्हणतात, एवढं कोणी वाचत नाही, प्रश्नोत्तर करा. प्रत्येक प्रश्न शीर्षक आणि खाली उत्तर. उपशीर्षकांपुढे 'काय?' आणि 'कसे?' लावून पाहिलं, पण ते शाळेच्या गाइडसारखं वाटतंय. नीट कसं करायचं?

उत्तर:

मी जळगावात शेतीविषयक मजकुराचं संपादन करतो. असे लेख फोडण्याचं काम नेहमीचंच आहे. तुमच्या उपशीर्षकांतून प्रश्न निघणार नाहीत, कारण ती लिहिणाऱ्याच्या सोयीनं पाडलेली असतात. 'कीड व रोग व्यवस्थापन' हा विषय झाला. 'केळीतील कीड व रोग व्यवस्थापन कसे करावे?' असं केलं तरी तो विषयच राहतो, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह येतं. बागेत उभा असलेला माणूस असा प्रश्न विचारत नाही. तो विचारतो, "पानावर पिवळे पट्टे आलेत, करपा आहे की सीएमव्ही?"

म्हणून सुरुवात खालून करा. लेखाची छापील प्रत घ्या आणि प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहा, की हे वाक्य कोणाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे. शब्द शेतकऱ्याचेच हवेत. कंटाळवाणं काम आहे, पण खरी फोड इथेच होते. नमुन्यासाठी सीएमव्हीवरचा एक परिच्छेद घेऊ. तुमच्या लेखातही थोड्याफार फरकानं असाच असेल:

> कुकुंबर मोझॅक विषाणू हा पावसाळ्यात आढळणारा केळीवरील महत्त्वाचा रोग असून त्याचा प्रसार मावा किडीमार्फत होतो. ढगाळ हवामान व सततचा पाऊस त्यास पोषक ठरतो. कोवळ्या पानांवर पिवळसर पट्टे दिसतात, पाने अरुंद होतात व पुढे पोंगा सडतो. काकडीवर्गीय पिके, टोमॅटो व मिरची यांवरही हा विषाणू वाढत असल्याने ती आंतरपीक म्हणून घेऊ नयेत. रोगग्रस्त झाडे मुळासकट उपटून नष्ट करावीत.

परिच्छेद एक, पण विचारणारे तीन. पहिल्यानं पट्टे पाहिलेत आणि त्याला रोग ओळखायचा आहे. दुसऱ्यानं ओळखलाय, आता झाड ठेवायचं की काढायचं हे त्याला ठरवायचंय. तिसऱ्याच्या बागेत अजून काहीच झालेलं नाही, त्याला फक्त केळीत काकडी लावायची आहे. लेखात हे तिघं एका रांगेत उभे होते. प्रश्नोत्तरांत प्रत्येकाला वेगळं दार लागतं.

समासात लिहिताना आणखी एक गोष्ट लक्षात येते. सीएमव्ही दिसला की माणूस सगळ्यात आधी विचारतो, "कोणती फवारणी घेऊ, म्हणजे झाड बरं होईल?" त्याचं उत्तर या परिच्छेदात कुठेच नाही. 'उपटून नष्ट करावीत' यात ते दडलेलं आहे, पण कोणी स्पष्ट म्हटलेलं नाही. लेखाच्या ओघात अशी भोकं झाकली जातात. प्रश्न शीर्षक म्हणून वर बसला, की खालचं रिकामं उत्तर लगेच दिसतं. त्यामुळे प्रश्नोत्तर करणं म्हणजे नुसती मांडणी बदलणं नव्हे, थोडं नवं लेखनही करावं लागतं. त्याची तयारी ठेवा.

फोडून झाल्यावर त्यातले दोन प्रश्न असे दिसतील:

> सीएमव्ही आलेलं झाड फवारणीनं बरं होतं का?
> नाही. सीएमव्ही हा विषाणू आहे, आणि झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. बुरशीनाशकाचा इथे काही उपयोग होत नाही. सीएमव्ही झालेलं झाड कंदासकट उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करा. फवारणी करायची ती मावा आटोक्यात ठेवण्यासाठी, कारण मावाच हा विषाणू निरोगी झाडांवर नेतो.
>
> केळीत काकडी किंवा मिरचीचं आंतरपीक घ्यावं का?
> घेऊ नये. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची या पिकांवरही सीएमव्हीचा विषाणू वाढतो, आणि तिथून मावा तो केळीवर आणतो.

दोन्ही उत्तरांचं पहिलं वाक्यच निकाल सांगतं, कारण नंतर येतं. लेखात आपण उलट चालतो, आधी कारणं आणि शेवटी शिफारस. प्रश्नाखाली ते चालत नाही, विचारणारा उत्तरासाठी थांबलेला असतो. मावा दोन्हीकडे आला आहे, तो मुद्दाम ठेवला आहे. लेखात पुनरुक्ती दोष ठरते. इथे दुसरा प्रश्न उघडणाऱ्यानं पहिला वाचलेला नसतो, म्हणून एखादं वाक्य पुन्हा आलं तर येऊ द्यावं. पूर्ण परिच्छेद पुन्हा यायला लागला, तर मात्र त्याचा स्वतंत्र प्रश्न करा आणि बाकी ठिकाणी तिकडे बोट दाखवा.

याच कारणानं 'वर सांगितल्याप्रमाणे', 'हा रोग', 'त्यामुळे', 'याशिवाय' असे शब्द शोधून काढा. ओघवत्या लेखात ते परिच्छेद एकमेकांना बांधून ठेवतात. फोडल्यावर मात्र 'हा रोग' म्हणजे कोणता हे कळायला मार्ग उरत नाही. प्रत्येक उत्तराच्या पहिल्या दोन वाक्यांत अशी सर्वनामं दिसली, तर तिथे नाव घाला. करपा आणि सीएमव्ही शेजारी आले की ही चूक महागात पडते. करप्यावर बुरशीनाशक चालतं, सीएमव्हीवर नाही. 'या रोगावर फवारणी करावी' एवढंच वाचून माणूस भलत्या झाडावर पैसे घालतो. ओळखीच्या प्रश्नातही दोघांचा फरक एकत्रच द्या: करप्याचे ठिपके खालच्या जुन्या पानांवर ठळक दिसतात, पुढे तपकिरी होतात आणि मधे राखाडी पडतात. सीएमव्हीचे पिवळे पट्टे कोवळ्या पानांत दिसतात.

प्रश्नात 'आणि' आला की थांबून बघा. 'लागवड कधी आणि किती अंतरावर करावी?' हे दोन प्रश्न आहेत. 'कधी'चं उत्तर मृगबागेला जून-जुलै आणि कांदेबागेला सप्टेंबर-ऑक्टोबर, तिथे तो संपला. अंतराचं मात्र सावकाश पाहावं लागेल, कारण विचारणारा ज्या मापात विचारतो त्याच मापात उत्तर द्यायचं असतं. लेखात बहुधा '१.५ × १.५ मीटर, हेक्टरी ४,४४४ रोपे' असं असेल. रावेर-यावलला मात्र लोक विचारतात, "पाच बाय पाचवर एकरी किती रोपं लागतील?" ४,४४४ ला अडीचनं भागून लिहून टाकू नका, १,७७८ येतील आणि ते चुकेल. पाच फूट म्हणजे दीड मीटरपेक्षा थोडं जास्त, आणि हेक्टर अडीच एकरापेक्षा किंचित कमी. एक एकर ४३,५६० चौरस फुटांचा, त्याला २५ नं भागा: १,७४२. शीर्षकातही अंतर लिहा, 'पाच बाय पाच फुटांवर एकरी किती रोपं लागतात?' म्हणजे सहा बाय पाचवाला तोच आकडा उचलणार नाही.

सगळंच फोडायचं नसतं. खताचं वेळापत्रक महिन्यागणिक तोडून बारा प्रश्न केलेत, तर कोणालाच पूर्ण वेळापत्रक मिळणार नाही. 'कोणत्या महिन्यात कोणतं खत द्यायचं?' असा एक प्रश्न आणि खाली अख्खा तक्ता. ठिबक पहिल्यांदा बसवण्याच्या पायऱ्यांचंही तेच, क्रम तुटला की काम बिघडतं. आणि काही मजकूर कोणत्याच प्रश्नात बसत नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे अभिमानानं लिहिलेलं असतं, पण बागेतून ते कोणी विचारत नाही. प्रस्तावनेत एक ओळ पुरे. त्यासाठी खोटा प्रश्न रचलात, की शाळेच्या गाइडचा वास परत आलाच.

प्रश्नांचा क्रम बागेच्या वयानुसार लावा: रोपं घेण्याआधीचे प्रश्न, लागवडीचे, वाढीचे, निसवणीचे, घड काढणीचे आणि शेवटी पीलबाग ठेवायची की मोडायची. रोग मात्र वेगळा गट करून सुरुवातीलाच ठेवावा असं माझं मत आहे. रोगाचा प्रश्न घेऊन येणारा घाईत असतो. यावर आमच्यातही एकमत नाही, काही सहकारी वयाचा क्रम मोडू देत नाहीत.

आता तांत्रिक भाग, तो थोडाच आहे. वर्डमध्ये काम करत असाल, तर प्रश्न नुसते ठळक करून मोठे करू नका, त्यांना शीर्षकाची शैली द्या. लेखाच्या नावाला `Heading 1`, गटाला `Heading 2`, प्रश्नाला `Heading 3`. तसं केलंत तर प्रश्नांची अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पानं बदलली की एका क्लिकवर ताजी होते. `Navigation Pane` मध्ये प्रश्न ओढून वर-खाली केलात, तर उत्तरही त्याच्याबरोबर सरकतं. क्रम ठरवताना याचा फार उपयोग होतो. हेच पुढे गटाच्या वेबसाइटवर टाकणार असाल, तर प्रत्येक प्रश्नाला स्वतःचा पत्ता द्या, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर नेमक्या उत्तराची लिंक पाठवता येईल:

```html
<h3 id="cmv-favarni">सीएमव्ही आलेलं झाड फवारणीनं बरं होतं का?</h3>
<p>नाही. सीएमव्ही हा विषाणू आहे…</p>
```

प्रश्नाचे शब्द नंतर सुधारलेत तरी `id` बदलू नका, नाहीतर आधी पाठवलेल्या लिंका त्या उत्तरापर्यंत पोचणार नाहीत. आणि गुगलवर प्रश्नोत्तरांचा खास चौकोन मिळेल या आशेनं प्रश्न वाढवू नका. ऑगस्ट २०२३ पासून गुगलनं तो नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक साइटींपुरताच ठेवला.

छापण्याआधी फक्त शीर्षकांचा कागद काढा, उत्तरं नकोत. गटाबाहेरच्या एखाद्या केळीवाल्याला तो द्या आणि विचारा, "पोंगा सडलाय, यातलं कोणतं उघडाल?" त्यानं पाणी व्यवस्थापनाच्या प्रश्नावर बोट ठेवलं, तर त्याला दुरुस्त करू नका. पाण्याच्या त्या उत्तरातच एक ओळ घाला, की पोंगा सडण्याबरोबर कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे असतील तर सीएमव्हीचा प्रश्न पाहा.