कोर्टासाठी कापलेले 72 हजार कुठे गुंतवू?

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आमच्या डिस्पॅच सुपरवायझरच्या पगारातून बायकोच्या पोटगीचे दरमहा 8 हजार कापा, असा कोर्टाचा आदेश नऊ महिन्यांपूर्वी आला. त्यावर ऑर्डर 21, रूल 48-ए लिहिलंय. पगार 27 हजार. मी प्रामाणिकपणे कापतो, पण पैसे न्यायला कोर्टाचं कुणी आलं नाही. मध्ये सुताचं बिल भागवायला त्यातले थोडे वापरले, नंतर परत भरले. आता 72 हजार आहेत. ओळखीचा एजंट म्हणतो, सिंगल प्रीमियम युलिपमध्ये टाका, पाच वर्षांत दुप्पट. टाकू का? सुपरवायझरकडे माझा अ‍ॅडव्हान्सही आहे, दीड लाखाचा. तो दरमहा 5 हजारांनी वळता करतोय.

उत्तर: युलिपमध्ये नको, मुदत ठेवीतही नको. हे पैसे तुमचे नाहीत, सुपरवायझरचेही राहिलेले नाहीत. ते न्यायला कोर्टाचं माणूस येत नसतं. आदेशावर लिहिलेल्या त्याच नियमाप्रमाणे पगार देणाऱ्याने कापायचे आणि आपण होऊन कोर्टात भरायचे असतात. तुम्ही अर्धंच काम केलंत.

याचा फटका आधी सुपरवायझरला बसतोय. त्याच्या पगारातून दरमहा 8 हजार जातात आणि कोर्टाच्या नोंदीत मात्र नऊ महिन्यांची थकबाकी दिसते. बायकोचा वकील त्यावर पुढच्या कारवाईचा अर्ज करू शकतो. अटकेची मागणीही त्यात येऊ शकते. पैसे दिलेला माणूस थकबाकीदार ठरतो आणि त्या बाईच्या हातात नऊ महिने रुपया नाही. नियमाबाहेर पैसे दुसरीकडे गेले, तर तेवढी रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. सुताच्या बिलाला वापरलेत, ते परत भरले म्हणून निभावलं. त्या महिन्यात गिऱ्हाइकाचं पेमेंट अडकलं असतं, तर कोर्टाला काय दाखवलं असतं?

एजंटचं गणित दोन ओळीत संपतं. पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळपास 15 टक्के हवेत, ते कुणी लिहून देत नाही. युलिपमध्ये पाच वर्षं पैसे काढता येत नाहीत, आणि तुमची देणी तर आजचीच आहेत. रक्कम कोर्टाची आहे हे सांगूनही त्याने पॉलिसी सुचवली असेल, तर पुन्हा त्याचा सल्ला घेऊ नका.

आता करायचं ते असं. आदेशात भरणा कुठे करायचा ते लिहिलेलं असतं. त्या कोर्टात 72 हजारांचा भरणा या आठवड्यातच करा. सोबत आदेशावरच्या वसुली अर्जाचा, म्हणजे दरखास्तीचा, नंबर घालून पत्र द्या आणि कोणत्या महिन्याचे किती, ते नऊ ओळीत मांडा. उशीर का झाला ते सरळ लिहा, सबब नको. कोर्टात पैसे जमा करून घेणाऱ्या नाझरकडून पावती घ्या. वकिलाला थोडी फी लागली तरी चालेल. पुढे पगाराच्या दिवशीच भरणा करा आणि पगारपत्रकावर कोर्ट कपात वेगळी दाखवा.

तुमच्या अ‍ॅडव्हान्सचंही चुकतंय. कोर्टाच्या दृष्टीने 8 हजार जड नाहीत: पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो, म्हणजे 18 हजारांपर्यंत जप्ती होऊ शकते. पण वेतन कायद्यात एकूण कपात निम्म्याच्या आत ठेवायची असते, म्हणजे इथे साडेतेरा हजार. त्यात पोटगी 8 हजार, पीएफ 1,800 धरला आणि व्यवसाय कर 200, हे झाले 10 हजार. उरले साडेतीन हजार, तेवढाच तुमचा हप्ता. तुम्ही महिन्याला दीड हजार जास्त कापताय. नऊ महिन्यांचे साडेतेरा हजार त्याला परत करा. आतापर्यंत 45 हजार वळते केले असतील, तर 1.05 लाख बाकी होती, ती परताव्यानंतर 1.185 लाख होईल. साडेतीन हजारांनी फेडायला सुमारे 34 महिने लागतील. लागू द्या. पोटगी आधी, तुमची उसनवारी नंतर.

शेवटचं, कारण तुमच्याकडे असं होण्याची शक्यता दिसते. उद्या तो समजुतीचा स्टॅम्प पेपर घेऊन येईल आणि कपात बंद करा म्हणेल. कोर्टाचा आदेश आल्याशिवाय बंद करू नका; नवराबायकोच्या सह्या तुम्हाला मोकळं करत नाहीत. त्याच्या कर्जाचा दुसरा आदेश आला, तर आधीच्या कपातीचा तपशील लिहून लगेच कोर्टाला कळवा. नोकरी सोडली, तर शेवटची तारीख आणि हिशेबात निघालेली रक्कम कळवा. ही सगळी पत्रं पावत्यांसोबत एका फाइलमध्ये ठेवा आणि सुपरवायझरलाही त्यांची प्रत द्या. कोर्टात ती त्यालाच आधी लागेल.