चपलेकडे बोट आणि तोंडात ‘बाबा’

ताई, माझी मुलगी वीस महिन्यांची झाली. आठव्या-नवव्या महिन्यात ‘बाबाबा, दादादा’ लई चालायचं. आता आठ-दहाच शब्द आहेत: आई, बाबा, मम, भूभू, हम्मा, टाटा, बसला ‘बा’, नकोला ‘को’. गाय-म्हैस हम्मा, अन् शेळी, मांजर, कुत्रं सगळे भूभू. बाबाच्या चपलेकडं बोट दाखवून ‘बाबा’ म्हणते. ‘आजीची चंची आण’ म्हटलं की आणून देते. पण दोन शब्द जोडून काहीच बोलंना. जावेची लेक हिच्याहून महिन्यानं लहान, ती ‘आज्जी चल’ म्हणते. सासूबाई म्हणतात, जीभ जड आहे. वेखंड उगाळून लावा, नाही तर जिभेखालचं कापून आणा. तिला सर्दी सारखीच असते. काय करू?
— एक आई, ता. सेलू, जि. परभणी

आधी जिभेचं बघू, कारण कात्री ही सगळ्यात घाईची गोष्ट आहे. ‘टाटा’ म्हणताना जिभेचं टोक वर टाळूला लागतं, ‘को’ म्हणताना जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि ‘बा’, ‘मम’ ओठांवर होतात. तुमच्या लेकीला हे तिन्ही जमतंय. जीभ खाली चिकटलेली असली तर एखादा उच्चार बोबडा येऊ शकतो, पण त्यामुळं शब्द यायचे थांबत नाहीत. वेखंडानंही शब्द वाढणार नाहीत. ते लहान लेकराच्या जिभेला लावू नका. सासूबाईंना हे सांगताना ‘टाटा’चाच दाखला द्या, वाद होणार नाही.

आता ‘बाबाबा’कडं येऊ. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लेकरू ‘अगूऽऽ’ करतं, तसे हुंकार जन्मतः बहिरं असलेलं मूलही देतं. त्यामुळं घरच्यांना वाटतं, कान ठीक आहेत. खरा फरक कळतो तो साधारण सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान. बा-बा-बा, दा-दा-दा अशी ठेक्यातली बडबड पक्की व्हायला दुसऱ्याचा आणि स्वतःचाही आवाज कानावर पडावा लागतो. ज्याला फारच कमी ऐकू येतं, ते मूल बहुधा दहाव्या महिन्यापर्यंत या बडबडीला पोचत नाही. तुमची लेक वेळेत पोचली, म्हणजे त्या काळात तिच्या कानापर्यंत पुरेसा आवाज जात होता. ‘त्या काळात’ हे शब्द लक्षात ठेवा, सर्दीच्या वेळी त्यांचं काम पडेल.

ती बडबड म्हणजे अजून शब्द नव्हता, हे मात्र खरं. तेव्हा ती पंख्याला पाहूनही ‘बाबाबा’ म्हणाली असेल. पण त्याच महिन्यांत कान मोठं काम उरकत असतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतली तान्ही मुलं तपासली. त्यांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना त्यातला फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकी बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. त्यांच्या घरात त्या फरकाचा उपयोगच नव्हता. आपल्याकडं ‘ताट’ आणि ‘टाटा’ रोज कानावर पडतात, म्हणून आपली लेकरं तो फरक सोडत नाहीत. म्हणजे पहिला शब्द तोंडातून येण्याआधीच लेकरानं आपल्या घराच्या बोलीतले आवाज निवडून ठेवलेले असतात.

पहिला शब्द बहुतेकांचा वर्षाच्या आसपास येतो. शब्द कशाला म्हणायचं, याची कसोटी सोपी आहे: मुलानं तो आपणहून म्हटला पाहिजे, दरवेळी साधारण एकाच आवाजात म्हटला पाहिजे आणि एकाच अर्थानं म्हटला पाहिजे. उच्चार शुद्ध असण्याची अट नाही. म्हणून बसचा ‘बा’ हा पूर्ण शब्द आहे. भूभू आणि हम्मा हेही शब्दच. ते ‘लाडाचे आवाज’ म्हणून यादीतून काढू नका. ‘टाटा’ मात्र तपासून बघा. कुणी निघालं की ती आपणहून म्हणते, तर तो शब्द. फक्त ‘टाटा कर’ म्हटल्यावरच येत असेल, तर सध्या धरू नका. शेजारी दखनी किंवा घरी गोरबोली बोलली जात असेल, तर त्या बोलीतले शब्दही याच यादीत धरायचे. दोन बोलींमुळं मूल मुकं राहत नाही, त्याचे शब्द फक्त दोन्हीकडं वाटले जातात.

शेळीला भूभू म्हणणं ही चूक नाही, ती वर्गवारी आहे. तिनं मोठी जनावरं एका बाजूला काढली, लहान दुसऱ्या बाजूला, आणि दोन शब्दांत अख्खा गोठा बसवला. ज्याला नाव नाही त्याला जवळचं नाव देणं हे या वयात सगळीच मुलं करतात. तिला प्राण्यांतला फरक कळतो का, हे बघायचं असेल तर ‘मांजर कुठंय?’ असं विचारा आणि तिची नजर कुठं जाते ते बघा. बोलताना मांजराला भूभू म्हणणारी मुलंही बहुतेकदा मांजराकडंच बघतात.

चंचीची गोष्टही अशीच मोलाची, पण एका अटीवर. ‘आण’ म्हणताना तुम्ही चंचीकडं बघत नव्हता ना, बोट दाखवत नव्हता ना? मुलं आपली नजर वाचण्यात पटाईत असतात. दोन-तीन ओळखीच्या वस्तू समोर ठेवा, हात मांडीवर, नजर तिच्या तोंडाकडं, आणि फक्त शब्दांनी मागा. तिनं बरोबर वस्तू आणली तर तिला समजतं बरंच, बोलणं तेवढं मागं आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलांमध्ये हा भेद फार महत्त्वाचा असतो; समज आणि हातवारे दोन्ही चांगले असलेली मुलं पुढं बरोबरीनं येण्याची शक्यता जास्त.

आता तुमच्या पत्रातली चपलेची ओळ, जी तुम्ही सहज लिहून पुढं गेलात. बसकडं बोट दाखवून ‘बा’ म्हटलं, तर बोट आणि तोंड एकच गोष्ट सांगतात. चपलेकडं बोट आणि तोंडात ‘बाबा’ असेल, तर बोट ‘चप्पल’ म्हणतंय, तोंड ‘बाबा’ म्हणतंय आणि दोन्ही मिळून ‘बाबाची चप्पल’ होते. कल्पना दोन जोडल्या गेल्या आहेत, एक अजून हातावर आहे एवढंच. याना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी २००५ मध्ये दाखवलं, की अशी बोट-शब्दाची जोडी ज्या मुलांत लवकर दिसते, ती दोन शब्दही लवकर जोडतात. म्हणजे तुमच्या लेकीत जोडणी सुरू झाली आहे.

मग दोन शब्द अजून का नाहीत? कारण बहुतेक मुलांत ते पन्नासेक शब्द साठल्यावर, साधारण दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान येतात. हिच्याकडं आठ-दहा आहेत, आणि त्यांच्याकडं नीट बघा: जवळपास सगळी नावं. कशालाही चिकटू शकेल असा एकच शब्द आहे, ‘को’. ‘आई भूभू’ जोडून काय सांगणार? पण अजून, संपलं, दे, गेला, पडलं असा एखादा शब्द हाताशी आला की ‘अजून मम’, ‘मम संपलं’, ‘बाबा गेला’ होऊ लागतं. जगभरच्या मुलांची पहिली जोडवाक्यं अशीच असतात: कुणाचं, कोण काय करतंय, आणखी हवंय, आता नाहीये. ‘आई गेला’ म्हटलं तर दुरुस्त करत बसू नका, तुम्ही नुसतं ‘हो, आई गेली’ म्हणा. ‘काय झालं’ असं अख्खंच पाठ केलेलं मात्र दोन शब्द म्हणून मोजू नका. जावेच्या लेकीचं ‘आज्जी चल’ खरं जोडवाक्य आहे की पाठ, हे ती ‘बाबा चल’ही म्हणते का यावरून कळेल. तसंही, दीड आणि दोन वर्षांमधलं अंतर या बाबतीत नेहमीचंच आहे.

म्हणून घरी करायचं ते हे. ती चपलेकडं बोट दाखवून ‘बाबा’ म्हणाली की लगेच म्हणा, ‘बाबाची चप्पल’. जे बोटानं सांगितलं त्याचा शब्द त्याच क्षणी तिच्या कानावर पडला पाहिजे. ‘म्हण चप्पल, म्हण’ असा तगादा नको. त्यानं बरीच मुलं तोंड मिटतात. भात एकदम न वाढता दोन घास वाढा, संपला की वाटी दाखवून ‘संपलं’ म्हणा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. तिनं नजर टाकली, हात पुढं केला की ‘अजून? अजून भात’ म्हणत वाढा. एकच शब्द दिवसात बऱ्याच ठिकाणी येऊ द्या: भात संपला, पाणी संपलं, गाणं संपलं. मोबाइलवरची गाणी याला पर्याय नाहीत, कारण मोबाइल तिच्या बोटाकडं बघत नाही.

आता कान, आणि हे याच महिन्यात. सारखी सर्दी असलेल्या मुलांत पडद्याच्या आतल्या बाजूला पाणी साठू शकतं. दुखत नाही, कानातून काही वाहत नाही, पण बोलणं पाण्याखालून आल्यासारखं दबकं ऐकू येतं. नवव्या महिन्यात कान चांगले होते, यावरून आजचं सांगता येत नाही. थाळी वाजवल्यावर वळली, हाही पुरावा नव्हे. कमी ऐकणारं मूलही मोठ्या आवाजाला वळतं, आणि स, श असे हलके आवाज मात्र त्याच्या हातून निसटतात. परभणीला जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घसा विभागात दाखवा आणि लहान मुलांसाठीच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडूनही तिथली चिठ्ठी मिळते. पडद्यामागचं पाणी तपासायला सांगा, आणि ओएई ही ऐकण्याची तपासणी मागा. त्यात कानात छोटी नळी ठेवतात, दुखत नाही, काही मिनिटांत होते. सर्दी भरात असताना ओएई नापास येऊ शकते, तेव्हा घाबरू नका, पण सर्दी उतरल्यावर पुन्हा करून घ्या. तेव्हाही शंका राहिली तर डॉक्टर बेरा ही ऐकण्याची पुढची तपासणी सांगतील. ती मूल झोपलेलं असताना करतात.

एक वही ठेवा. नवा शब्द, तारीख, कशाला उद्देशून म्हणाली. आणि बोट-शब्दाच्या जोड्या वेगळ्या पानावर. दोन वर्षं पूर्ण होतील तेव्हा वहीत पन्नासच्या आसपास शब्द आणि तिनं स्वतः जोडलेली काही दोन शब्दांची वाक्यं दिसायला हवीत. दिसली नाहीत तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडं जा आणि वही सोबत न्या. ‘फार बोलत नाही’ यापेक्षा त्या दोन पानांवरून त्यांना जास्त कळेल. ‘बापही उशिरा बोलला’ म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत थांबू नका. आणि आलेले शब्द गळू लागले, बोट दाखवणं थांबलं किंवा नाव घेतल्यावर ती वळेनाशी झाली, तर दोन वर्षांचीही वाट न बघता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.