मोजणीच्या नोटिशीवर सही कोणाची?

प्रश्न : गावी माझा वडिलोपार्जित प्लॉट आहे. पूर्वेकडच्या शेजाऱ्याने घर बांधायला घेतलं असून, मी २०१९ मध्ये करून घेतलेल्या मोजणीनुसार त्याची भिंत माझ्या हद्दीत साडेचार फूट आत आली आहे. मी पुण्यात असतो. गणपतीत गेलो तेव्हा पाया दिसला होता, पण संबंध बिघडू नयेत म्हणून बोललो नाही. आता पहिला स्लॅब पडलाय. भिंत पाडून मिळेल का?

उत्तर : मोजणीचा नकाशा २०१९ पासून तुमच्याकडे होता, असं तुम्ही स्वतःच लिहिलंय. तुमच्या बाजूची सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.

नुसतं गप्प बसल्याने मालकी जात नाही. मालकीच्या आधारावर ताबा मागायला लिमिटेशन ॲक्टच्या अनुच्छेद ६५ प्रमाणे बारा वर्षं मिळतात, त्यामुळे मुदतीची काळजी नको. काळजी एस्टॉपेलची, म्हणजे विबंधाची करा. जमीन आपलीच आहे अशा प्रामाणिक समजुतीने शेजारी पैसा ओततोय, त्याची चूक तुम्हाला कळतेय आणि तरी तुम्ही त्याला सांगत नाही, अशा वेळी तुमचं मौन ही मूकसंमती ठरू शकते. मग ‘जागा माझी, भिंत पाडा’ म्हणायला कोर्ट तुम्हाला मोकळं ठेवेलच असं नाही. पुरावा कायद्याचं जुनं कलम ११५, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२१, यात बोलण्या-करण्याबरोबर न करणंही मोजलं जातं ते यासाठीच.

पण या तत्त्वाला दुसरी बाजू आहे आणि तुमचा सगळा दावा तिच्यावर उभा राहील. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६६ मध्ये रॅम्सडेन विरुद्ध डायसन खटल्यात सांगितलं, की जागा दुसऱ्याची आहे हे माहीत असून जो बांधतो, त्याला मालकाच्या गप्प बसण्याचा फायदा मिळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९६५ मध्ये मदनप्पा खटल्यात खरी स्थिती ज्याला ठाऊक होती त्याला एस्टॉपेलचा आधार नाकारला. म्हणजे प्रश्न तुम्ही गप्प का बसलात एवढाच नाही. शेजाऱ्याला काय माहीत होतं, हे आधी पाहावं लागेल.

त्याचं उत्तर भूमी अभिलेख कार्यालयात पडून असेल. मोजणीच्या वेळी लगतच्या धारकांना नोटीस काढतात आणि हजर असलेल्यांचे जबाब व सह्या घेतात. नकाशाची नक्कल सगळेच जपतात, ही नोटीस मात्र कोणी मागत नाही. उपअधीक्षकांकडे अर्ज करून मोजणी प्रकरणातल्या नोटिशीची आणि जबाबाची प्रमाणित प्रत काढा. त्यावर शेजाऱ्याची सही असेल आणि हद्दीच्या खुणा त्याच्यासमोर दाखवल्या असतील, तर ‘मला वाटलं जागा माझीच’ हे त्याला पटवून द्यावं लागेल, आणि ते सोपं नाही. नोटीस बजावलीच नसेल, तर हद्द फक्त तुम्हाला माहीत होती असं चित्र उभं राहतं आणि तुम्ही अडचणीत आलात. भूमिपूजनाला जाऊन नारळ फोडला असेल, फोटोत हसत उभे असाल, तर वकिलाला तेही आधीच सांगा. समोरच्याकडून ते कळण्यापेक्षा बरं. त्याच फोटोवरून ‘यांनी परवानगी दिली होती’ असाही बचाव येऊ शकतो.

ही प्रत येईपर्यंत थांबू मात्र नका. आजच स्पीड पोस्टाने लेखी हरकत पाठवा, मोजणीच्या नकाशाची प्रत जोडा आणि पोच जपून ठेवा. हरकत मिळाल्यानंतर तो जे बांधेल ते डोळे उघडे ठेवून बांधेल, त्या भागासाठी प्रामाणिक समजुतीची सबब उरत नाही. पाया झाला, स्लॅब झाला, पण वरचा मजला अजून व्हायचाय. ‘मी तेव्हाच तोंडी विरोध केला होता’ असं हरकतीत लिहू नका. तुम्ही तो केला नव्हता आणि उलटतपासणीत ते बाहेर येईल.

त्याच आठवड्यात दिवाणी कोर्टात दावा लावा. सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज आणि जागेची आजची स्थिती नोंदवायला कोर्ट कमिशनर मागा. मूळ दावा किती वर्षं चालेल ते मला विचारू नका, मनाईचा अर्ज लवकर ऐकला गेला तरी पुष्कळ. भिंत पाडण्याचा हुकूम देणं हा कोर्टाचा विवेकाधिकार आहे. साडेचार फुटांवर घराचा भार असेल, तर पाडण्याऐवजी भरपाईचा विचार होऊ शकतो, आणि गणपतीपासून आजपर्यंतच्या उशिराचा हिशेब त्यात धरला जाईल. स्वतः माणसं नेऊन भिंतीला हात लावू नका. दाव्याआधीच फौजदारी प्रकरण अंगावर येईल.