फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी निळी कशी?

प्रश्न : आम्ही काही शिक्षक मिळून आठवी ते दहावीच्या मुलांसाठी रक्ताभिसरणाच्या हलत्या आकृत्या तयार करत आहोत. काही ग्रंथांत धमनी आणि शीर हे शब्द आढळतात, तर काहींत रोहिणी आणि नीला. नावपट्ट्यांवर कोणती जोडी घ्यावी? ‘शुद्ध रक्त’ आणि ‘अशुद्ध रक्त’ हे शब्द ठेवले तर चालतील का?

उत्तर : धमनी आणि शीर हीच जोडी घ्यावी, आणि ‘शुद्ध-अशुद्ध’ पूर्णपणे वगळावे, असे माझे मत आहे. छापील, स्थिर आकृतीत जी विसंगती नजरेतून निसटते ती हलत्या आकृतीत उघडी पडते, म्हणून कारणे थोडी विस्ताराने देतो.

रोहिणी आणि नीला हे शब्द मराठीत नवे नाहीत. मराठी विश्वकोशातील शरीरविषयक नोंदींमध्ये हीच जोडी वापरलेली आहे आणि घडणीच्या दृष्टीने ती सुंदरही आहे. संस्कृतात ‘रोहित’ म्हणजे लाल, त्यावरून ‘रोहिणी’. आणि ‘नील’वरून ‘नीला’. अडचण नेमकी या सौंदर्यातच आहे, कारण हे शब्द वाहिनीला रंगावरून ओळखायला शिकवतात. हृदयाच्या उजव्या निलयातून फुप्फुसाकडे जाणारी वाहिनी रचनेने रोहिणी आहे, पण तिच्यातल्या रक्तात ऑक्सिजन कमी असल्यामुळे आकृतीच्या संकेतानुसार ती निळी रंगवावी लागते. फुप्फुसाकडून डाव्या अलिंदात परतणारी वाहिनी नीला, पण ती लाल दाखवावी लागते. माझ्या आठवीतल्या भाचीने अशी एक आकृती पाहताना पडद्यावर बोट ठेवून मला विचारले होते, “मामा, हिचं नाव लाल आणि रंग निळा, मग चूक कोणाची?” चूक कोणाचीच नव्हती. नाव एका निकषावर बेतलेले होते आणि रंग दुसऱ्याच निकषावर, आणि हे तिला कोणी सांगितले नव्हते.

धमनी आणि शीर या शब्दांत रंग नाही, म्हणून त्यांची व्याख्या निर्वेध करता येते: हृदयापासून दूर रक्त नेते ती धमनी आणि हृदयाकडे रक्त आणते ती शीर. ही व्याख्या केवळ दिशेवर उभी असल्यामुळे फुप्फुसधमनी आणि फुप्फुसशीर हे तिला अपवाद ठरत नाहीत. गर्भाच्या नाळेतही ती टिकते. तिथे वारेकडून ऑक्सिजनयुक्त रक्त आणणारी वाहिनी शीरच म्हणवते, कारण ते रक्त बाळाच्या हृदयाच्या दिशेने चाललेले असते. मर्यादा सांगायची तर एक ठळक आहे: आतड्यांकडचे रक्त यकृतात नेणारी मोठी वाहिनी शीर म्हणवते, पण ती थेट हृदयाशी जात नाही, मध्ये यकृतातल्या सूक्ष्म वाहिन्यांचे दुसरे जाळे लागते. आपल्या आकृतीत यकृत स्वतंत्र दाखवणार असाल तर बाण हृदयापर्यंत अखंड ओढू नका, तो यकृतात थांबवून पुढे नव्याने सुरू करा.

‘धमनी’चा धातू धम्, म्हणजे फुंकणे. ग्रीक विद्वानांपैकी काहींचाही समज असाच होता की या नळ्यांतून हवा वाहते, कारण मृत शरीरात त्या बहुधा रिकाम्या आढळत. दुसऱ्या शतकात ग्रीक वैद्य गेलेनने या नळ्यांत रक्त असते हे दाखवले तेव्हा तो समज ढासळला, आणि विल्यम हार्वेने 1628 मध्ये ते रक्त चक्राकार फिरते हे मांडले. शब्द मात्र राहिला. व्युत्पत्तीतला अर्थ आज कोणालाच ऐकू येत नसल्याने तो शब्द निर्धास्त वापरता येतो. ‘रोहिणी’तला लाल रंग मात्र चित्रात रंग भरताच जागा होतो. शब्दरूपाची एक सूचना: एकवचनी ‘शीर’, अनेकवचनी ‘शिरा’ असे लिहावे. एकाच वाहिनीवर ‘शिरा’ अशी पट्टी लावली की मुलांना तिथे अनेक वाहिन्या असाव्यात असे वाटते.

आता ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’. हे शब्द वर्गात इतके रुळले आहेत की ते काढणे जड जाईल, पण त्यांनी होणारी दिशाभूल मोठी आहे. शरीर विश्रांत असताना हृदयाकडे परतणाऱ्या रक्तातील हिमोग्लोबिन सुमारे 75 टक्के ऑक्सिजन अजून बाळगून असते, म्हणजे ते रक्त रिकामेही नसते आणि घाणही नसते. उलट युरियासारख्या टाकाऊ द्रव्याचा विचार केला तर सर्वांत स्वच्छ रक्त सापडते मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या शिरेत, आणि ते आपण निळ्या रंगात दाखवत असतो. म्हणून ‘ऑक्सिजनयुक्त रक्त’ आणि ‘ऑक्सिजन कमी असलेले रक्त’ असेच लिहावे. पट्टी लांबते, पण ‘ऑक्सिजनविरहित’ हे आटोपशीर रूप घेऊ नये, कारण ते खरे नाही. निळा रंग हा केवळ संकेत आहे, शिरेतले रक्त गडद लाल असते, हे वाक्य आकृती सुरू होण्याआधी पडद्यावर यावे.

आणखी एका शब्दाकडे आपण विचारले नसतानाही लक्ष वेधतो, कारण हलत्या आकृतीत तो थेट हालचाल ठरवतो. हृदयाच्या ठोक्याचे वर्णन पुष्कळदा ‘आकुंचन आणि प्रसरण’ असे केले जाते. ‘प्रसरण’ वाचून चित्रकार हृदय फुग्यासारखे जोराने फुगवतो आणि ते रक्त ओढून घेत आहे असा भास निर्माण करतो. प्रत्यक्षात स्नायू सैल पडतो आणि अलिंदांत साठलेले रक्त उघड्या झडपांतून निलयांत उतरते, म्हणून ‘शिथिलन’ हा शब्द अचूक आहे. निलय बहुतांशी याच काळात भरतात. अलिंदांचे आकुंचन शेवटी उरलेला भाग ढकलते.

याचे मोजमापही सोपे आहे. मिनिटाला सुमारे 75 ठोके धरले तर एक ठोका 0.8 सेकंदाचा होतो: अलिंदांचे आकुंचन सुमारे 0.1, निलयांचे 0.3 आणि सगळ्या कप्प्यांचे शिथिलन 0.4 सेकंद. डोळ्यांना दिसावे म्हणून गती पाचपट मंद केली तर चार सेकंदांच्या आवर्तनात हे टप्पे अनुक्रमे अर्धा, दीड आणि दोन सेकंद घेतील. मी पाहिलेल्या अनेक आकृत्यांत या ठिकाणी एकच चूक असते. रक्ताचा एक ठिपका उजव्या अलिंदातून उजव्या निलयात, फुप्फुसात, मग डाव्या बाजूला असा फिरवतात आणि ठिपका ज्या कप्प्यात असेल तेवढाच कप्पा आवळतात. त्यामुळे उजवे आणि डावे हृदय आळीपाळीने चालते असा मुलांचा समज होतो. खरे तर दोन्ही अलिंदे एकदम आणि त्यानंतर दोन्ही निलय एकदम आकुंचन पावतात, म्हणजे एक रक्त फुप्फुसाकडे निघते त्याच क्षणी दुसरे महाधमनीत शिरते. तपासायचे असेल तर निलय आवळलेल्या क्षणी आकृती थांबवा: अलिंद आणि निलय यांमधल्या दोन्ही झडपा मिटलेल्या, धमन्यांच्या मुखाशी असलेल्या दोन्ही अर्धचंद्राकृती झडपा उघडलेल्या, आणि डाव्या निलयाची भिंत उजवीपेक्षा ठळकपणे जाड दिसायला हवी.